‘पेमेंट प्रोसेस झालंय’, मग पैसे आहेत कुठे?

कंपनीच्या व्हेंडर पोर्टलवर तुमच्या बिलासमोर ‘Processed’ असं हिरव्या अक्षरांत उमटलेलं असतं आणि बँकेच्या खात्यात मात्र एक रुपयाही आलेला नसतो. फोन केला की अकाउंट्समधून उत्तर येतं, ‘आमच्याकडून झालंय हो, तुमच्या बँकेत विचारा.’ बँकेत गेलं की काउंटरवरचा माणूस म्हणतो, ‘पाठवणाऱ्याला विचारा.’ बहुतेक वेळा दोघांपैकी कोणीच खोटं बोलत नसतं. अकाउंट्सचा माणूस आपल्या वहीत काय लिहिलंय ते सांगत असतो. बँकवाला खात्यात काय आलंय ते सांगतो. पैसा या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात असतो आणि तिथे पाहण्याची जबाबदारी सहसा तिसऱ्याच माणसाची असते.

हा मधला पट्टा कसा असतो ते आधी पाहू, कारण काय विचारायचं हे त्यावरच ठरतं.

मोठ्या कंपनीत बिल आलं की आधी ते हिशेबात ‘बुक’ होतं. म्हणजे कंपनीने मान्य केलं की अमुक माणसाला आपण इतके देणं लागतो. मग देय तारीख आली की आठवड्यातल्या ठरलेल्या दिवशी ‘पेमेंट रन’ होतो. संगणक त्या दिवशी देय असलेली सगळी बिलं गोळा करतो, प्रत्येकाची निव्वळ रक्कम काढतो आणि बँकेला पाठवायची एक फाइल तयार करतो. याच क्षणी हिशेबात तुमचं बिल मिटतं. तुमच्या नावावरची बाकी शून्य होते आणि तेवढी रक्कम एका मधल्या खात्यात जाऊन बसते. त्याला काही ठिकाणी ‘बँक क्लिअरिंग’ म्हणतात. पोर्टलवरची हिरवी अक्षरं अनेकदा इथेच उमटतात. बँकेने अजून काहीही केलेलं नसतं. तिला अजून काही कळलेलंही नसतं.

पुढे ती फाइल कंपनीच्या बँकेच्या कॉर्पोरेट नेट बँकिंगवर चढवली जाते. एक जण चढवतो, दुसरा तपासून मंजुरी देतो आणि रक्कम मोठी असेल तर तिसऱ्याचीही संमती लागते. यांना मेकर, चेकर आणि ऑथोरायझर म्हणतात. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून रात्रंदिवस, सुट्टीच्या दिवशीही चालते. दर अर्ध्या तासाला एक असे दिवसाचे अठ्ठेचाळीस बॅच असतात. पण मंजुरी देणारा साहेब काही चोवीस तास चालत नाही. शुक्रवारी संध्याकाळी फाइल चढली आणि साहेब लग्नाला गावी गेले, तर सोमवारपर्यंत ती तशीच पडून राहते. पोर्टल त्या काळातही ‘Processed’च म्हणत असतं.

मंजुरी मिळून कंपनीच्या खात्यातून पैसे वळते झाले की व्यवहाराला एक क्रमांक मिळतो, त्याला यूटीआर म्हणतात. वाचकाने या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ती हीच ठेवावी. पैसे कंपनीतून खरोखर निघाले की नाही, हे सांगणारा पहिला पुरावा यूटीआर आहे. एनईएफटीचा यूटीआर सोळा अक्षरांचा असतो. दोन लाखांपासून पुढच्या रकमांसाठी असलेल्या आरटीजीएसचा बावीस अक्षरांचा असतो आणि त्याची पहिली चार अक्षरं पाठवणाऱ्या बँकेची असतात. आयएमपीएसने पाठवले असतील तर बारा अंकी संदर्भ क्रमांक मिळतो. ही लांबी ध्यानात ठेवण्याचं कारण व्यावहारिक आहे. ‘यूटीआर द्या’ म्हटल्यावर अकाउंट्समधून पुष्कळदा दहा अंकी नंबर येतो. तो कंपनीच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमधल्या नोंदीचा नंबर असतो, बँकेला त्याचा काही उपयोग नाही. देणारा फसवत नसतो. त्याच्या पडद्यावर ‘पेमेंट डॉक्युमेंट’ म्हणून तोच दिसत असतो.

आता एक उदाहरण धरू. माणसं कल्पित आहेत, तारखा आणि नियम खरे आहेत. नाशिकच्या एका भाषांतरकार बाईंनी पुण्यातल्या कंपनीसाठी माहितीपुस्तिकेचं काम केलं. बिल ८०,००० रुपयांचं. बाई जीएसटीत नोंदणीकृत नाहीत, त्यामुळे कर वरून लावायचा प्रश्न नाही. कंपनीने टीडीएस कापला. व्यावसायिक शुल्कावर तेव्हा एरवी दहा टक्के कापले जायचे, पण करोनाच्या सवलतीमुळे १४ मे २०२० ते ३१ मार्च २०२१ या काळात हा दर साडेसात टक्के होता. म्हणजे ६,००० कापून ७४,००० यायला हवेत. बाईंचं खातं देना बँकेतलं, कंपनीकडे २०१८ साली नोंदवलेलं. १८ मार्च २०२१ ला गुरुवारी पेमेंट रन झाला. दुसऱ्या दिवशी पोर्टल हिरवं झालं. बुधवार उजाडला तरी खात्यात काही नाही.

अकाउंट्सला फोन करण्याआधी बाईंनी दोन गोष्टी घरीच तपासल्या. एक म्हणजे पासबुकात ८०,००० नव्हे, तर ७४,००० शोधायचे. कापलेली रक्कम विसरून बिलाचाच आकडा शोधत बसणारे लोक कमी नाहीत. दोन बिलं एकत्र करून एकच रक्कम आली असेल, तर ती आणखीच ओळखू येत नाही. दुसरं म्हणजे कंपनीकडे नेमकं कोणतं खातं दिलंय ते पाहायचं. पैसे त्या खात्यात येतात, आपण रोज मोबाइलवर पाहतो त्यात नव्हे.

बाईंना आणखी एक शोध लागला आणि त्याने त्या उगाच निर्धास्त झाल्या असत्या. समजा, आयकराच्या २६एएस पत्रकात त्यांच्या नावावर ६,००० रुपये टीडीएस दिसला असता. मग कंपनीने कर भरला म्हणजे पैसेही पाठवले असणार, असंच कोणाच्याही मनात येईल. पण टीडीएस पैसे देताना किंवा बिल हिशेबात धरताना, यांपैकी जे आधी होईल तेव्हा कापायचा असतो. त्यामुळे २६एएसमध्ये नोंद असणं म्हणजे बिल बुक झाल्याचा पुरावा. पैसे निघाल्याचा तो पुरावा नव्हे.

आता फोन. नेहमीचा प्रश्न असतो, ‘माझं पेमेंट कधी येईल?’ या प्रश्नाला पडद्याकडे न पाहताही उत्तर देता येतं आणि म्हणून तसंच दिलं जातं, ‘दोन-तीन दिवसांत येईल.’ प्रश्न असा हवा की उत्तर देण्यासाठी समोरच्याला काहीतरी उघडून पाहावंच लागेल. बाई म्हणाल्या, ‘सर, पोर्टलवर १९ तारखेला प्रोसेस झालेलं दिसतंय. मला त्याचा यूटीआर, रक्कम आणि ज्या खात्यावर पाठवलेत त्याचे शेवटचे चार अंक आणि आयएफएससी एवढं सांगता का?’ समोरून उत्तर आलं, ‘यूटीआर आमच्याकडे नसतो मॅडम, तो बँकिंगवाले बघतात.’

हे वाक्य टाळाटाळीचं वाटतं, पण खरं असू शकतं. बिलं मंजूर करणारे लोक वेगळे आणि बँकेची फाइल चढवणारे वेगळे, अशी विभागणी मोठ्या कंपन्यांत मुद्दाम केलेली असते, म्हणजे एकाच माणसाच्या हातात सगळा व्यवहार राहत नाही. त्यामुळे इथे चिडण्यापेक्षा ‘मग मी मेलमध्ये त्यांनाही ठेवते, त्यांचा आयडी द्याल का?’ असं विचारणं जास्त कामाचं. बाईंनी त्याच दिवशी मेल केला. मजकूर असा होता:

‘महोदय, बिल क्रमांक अमुक, दिनांक अमुक, रक्कम ८०,००० (टीडीएस वजा जाता ७४,०००). पोर्टलवर १९ मार्च रोजी पेमेंट प्रोसेस झाल्याची नोंद आहे. माझ्या खात्यात आजपर्यंत रक्कम जमा झालेली नाही. १८ ते २४ मार्चचं खात्याचं विवरण सोबत जोडलं आहे. कृपया यूटीआर, पाठवल्याची तारीख, खात्याचे शेवटचे चार अंक आणि आयएफएससी कळवावा. बँकेला पाठवलेल्या फाइलमध्ये माझी ओळ नाकारली गेली आहे का, किंवा रक्कम परत आली आहे का, हेही पाहावं.’

या मेलची खरी धार शेवटच्या वाक्यात आहे. खात्याचं विवरण जोडताना मोबाइलच्या पडद्याचा फोटो नको, बँकेची पीडीएफ हवी. अकाउंट्सवाल्याला पुढे आपल्या वरिष्ठाला काहीतरी दाखवावं लागतं आणि तारखांसह पूर्ण पान असेल तर त्याचंही काम सोपं होतं.

आता ‘ओळ नाकारली’ आणि ‘रक्कम परत आली’ हे दोन वेगळे प्रकार आहेत. त्यांतला फरक कळला की गुंता बराचसा सुटतो.

पहिला प्रकार बाईंच्या बाबतीत घडला होता. देना बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदात विलीन झाली. जुने आयएफएससी दोन वर्षं चालत राहिले आणि १ मार्च २०२१ पासून बंद झाले. `BKDN` ने सुरू होणारा कोड जाऊन `BARB` ने सुरू होणारा नवा कोड आला. बाईंनी तो आपल्या चेकबुकावर पाहिला होता, पण कंपनीच्या व्हेंडर नोंदीत मात्र २०१८ चाच कोड होता. फाइलमध्ये शे-दोनशे ओळी होत्या. बाकी सगळ्या पार झाल्या आणि बाईंची एक ओळ बँकेच्या तपासणीतच अडकली, कारण त्या कोडची शाखा आता यादीतच नव्हती. पैसे कंपनीच्या खात्यातून निघालेच नाहीत. यूटीआर जन्मालाच आला नाही. कंपनीच्या हिशेबात मात्र बिल १८ तारखेलाच मिटलं होतं. नाकारलेल्या ओळींचा अहवाल बँकेच्या साइटवर होता, पण तो कोणी उतरवून घेतला नव्हता.

दुसऱ्या प्रकारात पैसे निघतात, पोहोचतात आणि परत येतात. खातं बंद झालेलं असतं, किंवा खाते क्रमांकाचा एक अंक चुकलेला असतो आणि तसं खातं अस्तित्वातच नसतं. नियम असा आहे की बॅच पूर्ण झाल्यापासून दोन तासांच्या आत घेणाऱ्या बँकेने रक्कम जमा करावी, नाहीतर पाठवणाऱ्या बँकेकडे परत करावी. परत आलेली रक्कम कंपनीच्या खात्यात जमा होते. तिथल्या विवरणात एक ओळ उमटते, बहुधा ‘RETURN’ हा शब्द आणि जुना यूटीआर अशी. पण ज्याने पेमेंट केलं तो ते विवरण रोज पाहत नाही. विवरण आणि हिशेब यांचा मेळ घालणारा माणूस कदाचित महिनाअखेरीलाच बसतो. तोवर तुमचे पैसे कंपनीच्या खात्यात ‘कुणाचे कोण जाणे’ म्हणून पडलेले असतात. तुम्ही फोन केला की समोरचा माणूस अगदी प्रामाणिकपणे यूटीआर वाचून दाखवतो. यूटीआर खरा असतो, पैसेही निघालेले असतात, फक्त ते परत आलेत हे त्याला ठाऊक नसतं. म्हणून यूटीआर मिळाला तरी ‘परत आले का’ हा प्रश्न विचारायचाच.

या दोन्हींपैकी काही नसेल, म्हणजे यूटीआर सोळा अक्षरांचा आहे, शेवटचे चार अंक तुमचेच आहेत, रक्कम परत आलेली नाही, तर मात्र चेंडू तुमच्या बँकेकडे येतो. यूटीआर दिला की शाखेला आलेल्या एनईएफटींमध्ये तो शोधता येतो. त्याशिवाय शाखेत जाऊन ‘कुठून तरी ७४,००० यायचे होते’ म्हणण्यात अर्थ नाही. आणि पाठवणाऱ्या बँकेला तुम्ही स्वतः फोन करूनही उपयोग नाही. तुम्ही तिचे ग्राहक नाही, ती तुमच्याशी बोलणार नाही. तिथली तक्रार कंपनीनेच करायची असते. तुमच्या बँकेने जमा करायला उशीर केल्याचं निघालं, तर रेपो दरापेक्षा दोन टक्के जास्त दराने व्याज देणं तिच्यावर बंधनकारक आहे. ते आपणहून द्यायचं असतं. प्रत्यक्षात मागावं लागलं, तर आश्चर्य वाटू देऊ नये. लेखी तक्रारीला तीस दिवसांत समाधानकारक उत्तर मिळालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे `cms.rbi.org.in` वर जाता येतं.

एक शक्यता वेगळी काढून सांगावी लागते, कारण तिथे दिवस नव्हे, तास मोजायचे असतात. अकाउंट्सने सांगितलेले शेवटचे चार अंक तुमचे नसतील, आणि वर ‘तुम्हीच तर मेल करून खातं बदलायला सांगितलंत’ असं उत्तर आलं, तर तुमच्या नावाने कुणी तरी खोटा मेल केलाय. एनईएफटीत पैसे जमा होतात ते खाते क्रमांकावरून. नाव जुळतं की नाही, हे पाहण्याची जबाबदारी मुख्यतः पाठवणाऱ्यावर असते. पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दाखवण्याची सोय बँकांनी १ एप्रिल २०२५ पर्यंत द्यावी, असं रिझर्व्ह बँकेने सांगितलं होतं, ते याचसाठी. असं काही आढळलं तर कंपनीने ताबडतोब आपल्या बँकेला आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवायला हवं. तुम्हीही तुमच्या मेलचा पासवर्ड त्याच तासात बदला, कारण खोटा मेल तुमच्याच खात्यातून गेलेला असू शकतो. याच भीतीपोटी अकाउंट्सवाले बँकेचे तपशील नुसत्या मेलवर बदलत नाहीत. कॅन्सल्ड चेक मागतात, एक रुपया पाठवून पाहतात, जुन्या नंबरवर फोन करून खात्री करतात. घाईत असताना ही कटकट वाटते. पण ती तुमच्याच पैशांची राखण आहे.

बाईंच्या मेलला दुसऱ्या दिवशी बँकिंगवाल्यांकडून उत्तर आलं. फाइलमध्ये ओळ नाकारली होती, आयएफएससी चुकीचा, नवा कॅन्सल्ड चेक पाठवा. बाईंनी पाठवला. आता वाटेल की सरळ ७४,००० पाठवून मोकळं व्हावं. पण हिशेबात ते बिल मिटलेलं आहे, त्यामुळे संगणकाच्या लेखी बाईंचं देणंच उरलेलं नाही. आधी पेमेंटची जुनी नोंद उलटवावी लागते, बिल पुन्हा ‘उघडं’ करावं लागतं, व्हेंडरच्या नोंदीत नवा कोड दोघांच्या मंजुरीने भरावा लागतो, आणि मग ते पुढच्या पेमेंट रनमध्ये येतं. एकदा नाकारलेलं पेमेंट घाईघाईने हाताने पाठवलं आणि नंतर तेच बिल रनमध्येही आलं, तर दुहेरी पेमेंट होतं. ऑडिटमध्ये त्याचं उत्तर ज्याला द्यावं लागतं, तोच तुमच्याशी फोनवर बोलत असतो. त्याच्या सावधपणामागे हे कारण असतं. म्हणून इथला योग्य प्रश्न ‘कधी पाठवताय?’ हा नाही. ‘जुनी नोंद रिव्हर्स झाली का, आणि पुढचा रन कोणत्या तारखेचा?’ हा आहे. २५ मार्चचा रन चुकला होता, १ एप्रिलला वर्षअखेरीच्या कामामुळे रन नव्हता, तेव्हा ८ एप्रिल ही तारीख मिळाली.

इथे बाईंनी एक प्रश्न आणखी विचारला आणि तो विचारला म्हणून त्यांचे दोन हजार वाचले. नोंद उलटवताना कोणती उलटवणार? फक्त पेमेंटची उलटवली तर बिल मार्चमधलंच राहतं आणि त्यावर कापलेले ६,०००ही मार्चचेच. पण घाईत कुणी बिलाचीच नोंद रद्द करून एप्रिलमध्ये नव्याने बुक केली, तर सगळं बदलतं. सवलतीचा दर ३१ मार्चला संपलेला असल्याने टीडीएस दहा टक्क्यांनी, म्हणजे ८,००० कापला जाणार, हातात ७२,००० येणार आणि तो कर पुढच्या वर्षाच्या विवरणपत्रात शोधावा लागणार. शिवाय मार्चचे ६,००० आधीच सरकारजमा झाले असतील, तर एकाच कामावर दोनदा कापणी झाल्यासारखं दिसणार. अकाउंट्सच्या माणसाने क्षणभर थांबून सांगितलं, ‘नाही मॅडम, फक्त पेमेंट डॉक्युमेंट रिव्हर्स करतोय, बिलाला हात लावत नाही.’ बाईंनी ते वाक्य मेलवर मागून घेतलं. ८ एप्रिलला दुपारी बँकेचा एसएमएस आला, ७४,००० जमा. पुढे फॉर्म १६ए आला, तेव्हा त्यांनी त्यात टीडीएस मार्चच्या तिमाहीतच, ६,००० रुपयांचा दाखवलाय ना, ते तपासून घेतलं.